बदक, लाव्ही आणि कोंबडीच्या अंड्यांत फरक काय?

प्रश्न: केकमध्ये कोंबडीच्या अंड्याऐवजी बदकाचं किंवा लाव्हीचं अंडं चालेल का? पोषणात कोणतं सरस?

चालेल, पण नगावर नको, वजनावर बदला. कवच काढून कोंबडीचं अंडं साधारण 50 ग्रॅम, बदकाचं 60 ते 70, लाव्हीचं जेमतेम 9 ते 10. म्हणजे एका कोंबडीच्या अंड्याला लाव्हीची पाच.

बदकाच्या अंड्यात बलकाचा वाटा जास्त, म्हणून केक मऊ आणि चवीला भरीव होतो. पांढऱ्यात मात्र पाणी कमी. मोठ्या आचेवर तळलंत तर ते रबरासारखं चिवट होतं. लाव्हीची चव कोंबडीच्या अंड्याजवळचीच.

प्रथिनं तिन्हींत 100 ग्रॅमला 13 ग्रॅमच्या आसपास. बदकाच्या अंड्यात बी-12 भरपूर, पण कोलेस्टेरॉल कोंबडीच्या दुपटीहून अधिक.