फ्रीज रात्रभर गरम, तरी अलार्म गप्प

लॉगरने तापमान किती मिनिटांनी टिपावं? – मेडिकल दुकानदार, हडपसर

पाच मिनिटांनी. तासातून एकदा टिपलं तर मधला तास कसा गेला ते कधीच कळणार नाही.

प्रोब फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात ठेवला आहे. तिथे वायर सहज पोचते. – मेडिकल दुकानदार, कोथरूड

काढा तिथून. प्रोब मधल्या कप्प्यात, जिथे औषधं आहेत तिथेच आणि ग्लायकॉलच्या बाटलीत बुडवून ठेवा. उघडा प्रोब हवा मोजतो, त्यामुळे दार उघडलं की आकडा लगेच उडतो. ग्लायकॉलमधला प्रोब औषधाच्या बाटलीसारखा सावकाश तापतो. विक्रेता ग्लायकॉलची बाटली ‘ऐच्छिक’ म्हणून वेगळी विकत असेल, तर ती धरूनच किंमत विचारा.

रात्री सारखे अलार्म यायचे, म्हणून डिले ३० मिनिटांवरून ६० वर नेला. आता शांतता आहे. चालेल ना? – बालरोगतज्ज्ञ, सिंहगड रस्ता

नाही चालणार, डॉक्टर. हाच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेल्या महिन्यात मी एका दवाखान्याची नोंद पाहिली. लसींचा फ्रीज, मर्यादा २ ते ८ अंश, दर दहा मिनिटांनी नोंद, डिले ६० मिनिटं. साफसफाईत थर्मोस्टॅटची खुंटी गरम बाजूला सरकली होती. रात्री नऊनंतर सलग चार नोंदी ८ च्या वर, पाचवी ७.६. पुन्हा चार वर, एक खाली. सकाळी सातपर्यंत हेच चाललं. पन्नास मिनिटांच्या अशा बारा फेऱ्या झाल्या, प्रत्येकीत साधारण चाळीस मिनिटं मर्यादेबाहेर, म्हणजे दहा तासांतले आठ तास लसी ८ अंशांच्या वर होत्या. अलार्म मात्र एकदाही वाजला नाही.

कारण बहुतेक लॉगर सलग वेळ मोजतात. एक नोंद मर्यादेत आली की मोजणी शून्यावर जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लसीवर आधी झालेला उष्णतेचा परिणाम मात्र तसाच राहतो. म्हणून सेटिंगमध्ये दोन नियम हवेत. एक सलग वेळेचा, तो ३० मिनिटांचाच ठेवा. दुसरा चोवीस तासांतल्या एकूण वेळेचा: तुकड्यातुकड्यांनी का होईना, तासभर बाहेर गेलं की फोन वाजला पाहिजे. तुमच्या लॉगरमध्ये दुसरा नियम नसेल, तर रोज सकाळी आलेख स्वतः उघडून बघा. विक्रेते दिवसाची सरासरी ईमेलने पाठवतात, तिच्यावर विसंबू नका. रात्री ९ आणि दिवसा ५ असेल तर सरासरी ७ येते, आणि सगळं ठीक वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांतल्या ३० दिवसांच्या नोंदयंत्रात ८ अंशांच्या वर सलग १० तास गेल्यावर अलार्म असतो, हे मला बरेच जण ऐकवतात. ती मर्यादा लसीकरण कार्यक्रमासाठी आहे, तुमच्या फ्रीजमधल्या प्रत्येक बाटलीला ती सूट मिळत नाही. शिवाय त्याच यंत्रात थंड बाजूला अलार्म उणे ०.५ अंशाला फक्त ६० मिनिटांनी वाजतो, हे कुणी सांगत नाही. हिपॅटायटिस बी किंवा पेंटाव्हॅलंट एकदा गोठली की गेली, वितळवून ती पूर्ववत होत नाही. म्हणून खालच्या बाजूचा डिले वरच्यापेक्षा कमी ठेवा.

रात्री खरंच सारखा अलार्म येत असेल, तर आधी फ्रीज तपासून घ्या. दाराचं रबर, थर्मोस्टॅट, भिंतीला चिकटलेली मागची बाजू बघायला सांगा. या आधीच्या रात्रींच्या नोंदी काढा. बाहेर गेलेल्या लसींवर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून त्या २ ते ८ अंशांतच वेगळ्या ठेवा आणि वेळ, तापमान सांगून उत्पादक कंपनीला विचारा. निर्णय आजच घ्या, पुढच्या लसीकरणाच्या दिवसापर्यंत थांबू नका.

बाटलीवरचा चौकोन अजून फिका आहे. म्हणजे लस चांगलीच ना? – परिचारिका, खडकी

तो चौकोन फक्त उष्णता दाखवतो. गोठल्याचं त्याला कळत नाही. थंड बाजूची नोंद बघा, शंका असल्यास लस बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

गुरुवारी वीज गेली, पण एसएमएस आलाच नाही. – मेडिकल दुकानदार, धनकवडी

वीज गेली तेव्हा राउटरही बंद पडला असणार. राउटर यूपीएसवर घ्या आणि पंधरा मिनिटं नोंद आली नाही तरी अलार्म वाजेल असं पुरवठादाराकडून लावून घ्या. मग ते खरंच चालतं का, हे राउटरचा प्लग स्वतः काढून बघा. गुरुवारच्या तासांचं तापमान लॉगरच्या मेमरीत असेल, ते आज उतरवून घ्या. मर्यादेबाहेर गेलं असेल तर इन्सुलिन विकण्याआधी कंपनीला विचारा.