एक खोली भाड्याने: करार आणि कर

प्रश्न: पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली ११ महिन्यांसाठी द्यायची आहे. करार नोंदवावाच लागतो का? कर कसा लागेल?

हो, नोंदवावाच लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसली की वाद झाल्यावर राहणाऱ्याने सांगितलेल्या अटी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या धरतात, हा मोठा धोका. म्हणून नेमकी कोणती खोली, स्वयंपाकघर वापरायचं की नाही, हेही करारात लिहा. करासाठी, समजा वर्षभरात १,२०,००० रुपये भाडं आलं, तर ३० टक्के सरसकट वजावटीनंतर ८४,००० तुमच्या उत्पन्नात धरले जातील. रंगकाम-दुरुस्ती वेगळी वजा होत नाही. पार्किंग मात्र परस्पर देऊ नका, सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या.