हातातला मोबाईल काढून फूल ठेवायचंय, पण बोटं खोटी दिसतात

प्रश्न: "चवथीला गणपतीच्या वर बांधलेल्या माटोळीखाली काढलेला ताईचा फोटो आहे, सगळं मस्त आलंय पण उजव्या हातात मोबाईल आहे. मोबाईल पुसून तिथे गुलाब ठेवला तर फूल हवेत तरंगल्यासारखं दिसतं, बोटं कशीतरीच वाटतात. फोटोशॉप येतं थोडंफार. काय करू?"

तुझा गुलाब ठीकच असणार, अडचण हाताची आहे. मोबाईल साधारण ७ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणून तो धरताना चारही बोटं पसरून त्याच्या पाठीवर आडवी टेकतात आणि अंगठा पुढून स्क्रीनवर असतो. गुलाबाचा देठ पेन्सिलीपेक्षा बारीक. तो धरताना बोटं आत वळतात, अंगठा तर्जनीच्या कडेवर दाबला जातो आणि करंगळी जवळजवळ तळव्याला लागते. म्हणजे मोबाईल पुसल्यावर जो हात उरतो तो अजूनही ७ सेंटीमीटरची वस्तू धरून बसलाय, त्यात देठ घातला की बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही पण खटकतं लगेच. आणि अजून एक, समोरून काढलेल्या फोटोत ताईचा अंगठा मोबाईलमागे लपलाय, तो तुझ्या फोटोत मुळात नाहीच. क्लोन स्टॅम्प फोटोतलेच दुसरीकडचे पिक्सेल उचलतो, अख्खा अंगठा तो कुठून आणणार?

म्हणून माझं स्पष्ट मत, नुसती वस्तू बदलू नकोस, मनगटापासून पुढचा हात बदल. फूल धरलेल्या हाताचा नवीन फोटो काढायचा आणि तो बसवायचा. ऐकायला मोठं काम वाटतं पण बोटं एकेक करून रंगवण्यापेक्षा खूप सोपं आहे, कारण देठाची बोटावर पडलेली सावली, दाबलेल्या अंगठ्याचं थोडं पांढरं झालेलं नख, हे सगळं खऱ्या फोटोत आपोआप येतं.

आधी मूळ फाईल माग, व्हॉट्सअॅपवरून आलेली नको. ती बहुतेक वेळा लहान झालेली असते आणि कडा चुरगळलेल्या असतात, त्यावर नवा स्वच्छ हात लावला की तो चिकटवल्यासारखाच दिसणार. मग मूळ फोटोत उजेड कुठून येतोय ते बघ. आपल्याकडच्या घरांत देवाच्या खोलीत बहुतेक वेळा एकाच बाजूच्या दारा-खिडकीतून उजेड येतो, नाकाची सावली कुठल्या गालावर पडलीय त्यावरून बाजू कळते. ताई घरीच असेल तर त्याच खोलीत, साधारण त्याच वेळी तिलाच उभी कर, त्याच बांगड्या घालायला सांग, साडीपण तीच नेसायला सांग, ती पुढे लागणार आहे. म्हापशाच्या बाजारातून लांब देठाचा खरा गुलाब आण, प्लॅस्टिकचा नको, त्याचा देठ जाड आणि ताठ असतो, पकड वेगळीच येते.

इथे बहुतेकजण हाताच्या जवळ जाऊन फोटो काढतात. तसं केलं की पुढची बोटं जाडी दिसतात आणि मनगट बारीक, मग कितीही लहानमोठं करून बघ, हात त्या माणसाचा वाटत नाही. मूळ फोटो जितक्या अंतरावरून काढलाय तितक्याच अंतरावर, तितक्याच उंचीवर कॅमेरा धर, लेन्सही तीच. फ्रेममध्ये हात लहान दिसला तरी चालेल, मूळ फोटोतही तो तितकाच लहान आहे. ताईला आधी मोबाईल धरायला सांग, मूळ फोटोशी कोपर जुळवून घे आणि मग कोपर न हलवता फक्त वस्तू बदलायची. असे बरेच शॉट घे, देठ थोडा वर, थोडा खाली, मूठ सैल, मूठ घट्ट. शेवटी हात खाली सोडून एक फोटो काढ, हा विसरू नको. मोबाईल रुंद, देठ बारीक, त्यामुळे मोबाईल गेल्यावर मागची साडी उघडी पडणार, ती या फोटोतून भरायची.

आता जोडणी. सगळ्यात खाली मूळ फोटो, त्यावर रिकाम्या साडीचा तुकडा, सगळ्यात वर फुलासकट नवा हात. मोबाईलची साडीवर पडलेली सावलीसुद्धा झाकली गेली पाहिजे, नाहीतर फुलामागे चौकोनी सावली राहते! जोड बांगड्यांच्या खाली लपव, उघड्या कातडीवर जोड लपवणं कठीण असतं. लेयर मास्क लावून हाताची कडा अगदी थोडी मऊ ठेव, मूळ फोटोतल्या दुसऱ्या हाताची कडा १०० टक्क्यांवर झूम करून बघ, तितकीच मऊ हवी. आकार बोटांवरून जुळवू नकोस, ती आता वळलेली आहेत, मनगटाच्या रुंदीवरून जुळव. हात थोडासा फिरवला तर चालतो, पण जास्त फिरवावा लागत असेल तर शॉटच दुसरा घे, कारण फिरवलं की उजेडाची दिशापण फिरते. रंगासाठी जोडाच्या अलीकडची आणि पलीकडची कातडी शेजारी ठेवून कर्व्हजने आधी उजेड जुळव, मग रंग. फोटो थोडा वेळ काळा-पांढरा करून बघितलास तर उजेडातला फरक लगेच दिसतो.

आता नजर. ताई मोबाईलकडे बघत असेल तर तिचे डोळे खाली स्क्रीनवर आहेत. फूल अशा जागी आण की पाकळ्या बरोबर स्क्रीन होती तिथे येतील, म्हणजे ती फुलाकडे बघतेय असं वाटतं. देठ मुठीत वरखाली करायला सांगितलं ते यासाठीच. चष्मा असेल तर काचेत मोबाईलचा उजेड दिसतोय का तेपण बघ.

पकड खरी वाटतेय का हे ओळखायला मी देठाची रेषा बघते. तर्जनीच्या वर दिसणारा देठ मुठीतून सरळ खाली ओढला तर तो करंगळीखाली जिथे बाहेर पडायला हवा तिथेच पडतोय का? फूल वेगळं चिकटवलेल्या फोटोत खालचा देठ एकतर गायब असतो नाहीतर बोटभर बाजूला सरकलेला असतो.

ताई परगावी असेल आणि परत फोटो काढणं शक्यच नसेल तर साधारण तिच्याच वयाच्या, तशाच बोटांच्या कुणाचातरी उजवा हात चालतो. डावा हात आरशासारखा उलटा करायचा झाला तर फोटो काढताना उजेड विरुद्ध बाजूने घे, नाहीतर उलटवल्यावर सावल्या चुकीच्या बाजूला जातात.

आणि कुणाचाच हात मिळाला नाही तर गुलाबाचा हट्ट सोड, आहे त्या पकडीत बसणारी वस्तू शोध. केळीच्या पानाची चपटी पुडी, वरून अबोलीच्या फुलांची माळ, म्हणजे फाती, थोडी बाहेर आलेली, ही मोबाईलच्याच रुंदीची करता येते. बोटं जशी आहेत तशीच पाठीवर टेकलेली राहतात, लपलेला अंगठा लपलेलाच राहतो, आणि माटोळीखाली ती शोभतेही. पुडीचा फोटो त्याच उजेडात काढ, मोबाईल जितका तिरका होता तितकीच तिरकी धर. यात मात्र ताईची चार बोटं वेगळी कापून पुडीच्या वरच्या लेयरवर ठेवावी लागतील, आणि प्रत्येक बोटाच्या कडेला पुडीवर बारीक सावली स्वतः द्यावी लागेल. त्यासाठी मल्टिप्लाय मोडमध्ये नवा लेयर घे, काळा रंग नको, पानाचाच गडद हिरवा घे, बोटाला चिकटून गडद आणि लगेच विरणारी. खोलीतल्या मऊ उजेडात ही सावली बारीकच असते, रुंद केलीस तर बोटं पुडीपासून उचलल्यासारखी दिसतील.