चोथ्यात गेलेलं कॅल्शियम

प्रश्न: मी शाकाहारी आहे, दूध-दही-पनीर घेत नाही आणि आठवड्यातून पाच दिवस पळते. नाचणी, तीळ आणि पालेभाज्यांतून कॅल्शियम पुरेल का, की गोळी घ्यावीच लागेल?

पुरतं. पण नाचणी कोणत्या रूपात पोटात जाते, तीळ कोणते आणि भाजी कोणती, हे बघून खाल्लं तर. मी ही तिन्ही रोज खात होते आणि तरी माझ्या डाव्या नडगीच्या हाडाला चीर गेली. म्हणून एवढं लांब लिहायला बसले आहे.

माझं माहेर पाटण तालुक्यात. घरी म्हशी, दुधाचा धंदा. लहानपणापासून दूध प्यायलं की माझं पोट बिघडायचं, आणि अकरा वर्षांपूर्वी मी दही-ताकही सोडलं. तेव्हापासून दादाचं एकच वाक्य: "दुधाशिवाय हाडं भरत नाहीत. एक दिवस लंगडत येशील." चार वर्षांपूर्वी साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनची तयारी करत होते आणि गणपतीला खरोखर लंगडत घरी गेले. पुढचे चार दिवस काय ऐकलं असेल ते सांगत नाही.

दुखणं आधी पळून झाल्यावर यायचं, मग पळताना, मग जिना उतरतानाही. तुम्ही पळता म्हणून हे नीट सांगते. नडगीचा साधा ठणका वीतभर पट्ट्यात पसरलेला असतो आणि अंग तापलं की बऱ्याचदा कमी होतो. माझं दुखणं बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी होतं. तिथे दाबलं की डोळ्यांत पाणी यायचं आणि त्या पायावर एक उडीही मारता यायची नाही. एक्स-रे स्वच्छ आला, कारण अशी बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. पंधरा दिवसांनी एमआरआयमध्ये दिसली.

रक्तातलं कॅल्शियम ९.४, अगदी मधोमध. तो कागद मी दादाला दाखवला होता, "बघ, माझं कॅल्शियम बरोबर आहे." ते माझं चुकलं. रक्तातली पातळी शरीर काहीही करून राखतं. जेवणातून आलं नाही तर हाडांतून काढून घेतं. त्यामुळे हा आकडा चांगला आहे म्हणजे खाण्यातून पुरेसं मिळतंय असं होत नाही.

मग आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी आठवडाभराचं खाणं लिहून आणायला सांगितलं. माझ्या मते वही भक्कम होती: सकाळी नाचणीच्या सत्त्वाची खीर (नारळाच्या दुधातली), दुपारी माठाची भाजी, दोन्ही वेळा तिळाची चटणी. बेरीज हजाराच्या वर. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी रोजचं प्रमाण १००० मिलिग्रॅम केलं, त्याआधी ते ६०० होतं. बाईंनी वही वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "सत्त्व कसं करता?"

आईचं सत्त्व म्हणजे नाचणी रात्रभर भिजवायची, पाट्यावर नाहीतर मिक्सरवर वाटायची, धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि पांढरं पाणी परातीत निवळत ठेवायचं. खाली जो साका बसतो तो उन्हात वाळवला की झालं सत्त्व. पांढरं, मऊ, बोटात घेतलं की करकरतं. फडक्यात उरायचा तो तांबूस, ओलसर चोथा. तो कुठे जायचा? म्हशीच्या आंबोणात.

नाचणीतलं कॅल्शियम मुख्यतः त्या तांबड्या सालीत आणि सालीलगतच्या थरात असतं. आतला पांढरा भाग जवळजवळ नुसतं स्टार्च. अख्ख्या नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ३६५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि तोच आकडा मी सत्त्वाला लावत होते. लहान बाळाला पचायला हलकं म्हणून सत्त्व ठीकच आहे, पण पळणाऱ्या बाईने त्यावर हाडांचा हिशोब मांडू नये. बाजारात हल्ली मोड आणलेल्या नाचणीच्या पिठालाही सत्त्व म्हणतात. रंग बघा. तांबूस-करडं असेल तर साल आत आहे, पांढरंशुभ्र असेल तर नाही.

दुसरी चूक तिळाची. माझ्या चटणीत पॉलिशचे पांढरे तीळ होते, कारण ते दिसायला छान. सालासकट तिळात १०० ग्रॅमला १२०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, साल काढली की ते शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतं. म्हणजे चमचाभर तिळातून मला शंभरावर मिळायचे त्याऐवजी दहासुद्धा मिळत नव्हते. बरं, सालीतलंही बरंचसं ऑक्झलेटने बांधलेलं असतं, त्यामुळे जेमतेम पाचातला एक भाग अंगी लागतो. सालाचे तीळ भाजून, कुटूनच खा. अख्खे तीळ दाताखालून निसटतात आणि जसेच्या तसे बाहेर पडतात. आणि तिळाला मुख्य स्रोत मानू नका.

तिसरी चूक मला सगळ्यात लागली, कारण माठ आमच्या परसातला. हिरव्या माठाच्या १०० ग्रॅम पानांत ३३० मिलिग्रॅमच्या आसपास, वहीत मी दोनशे ग्रॅमचे ६६० लिहायचे. पण माठ, पालक आणि अळू या तिघांत ऑक्झलेट भरपूर. ते पानातच कॅल्शियमला धरून ठेवतं आणि आतड्याला सोडत नाही. पालकावर मोजणी झाली तेव्हा पाच टक्केच शोषलं गेलं, आणि माठ त्याच रांगेतला. तो हिशोब लावला तर माझ्या ६६० चे झाले ३३. उकडून पाणी ओतून दिलं की मोकळं ऑक्झलेट निघून जातं, पण आधीच बांधलं गेलेलं कॅल्शियम त्याने सुटत नाही. माठ खा, चवीसाठी खा, बाकीच्या गुणांसाठी खा. कॅल्शियमच्या रकान्यात लिहू नका.

त्या रकान्यात लिहायचा तो मुळ्याचा पाला. मुळा विकत घेताना भाजीवाल्याला "पाला काढून द्या" म्हणणाऱ्या बायकांना मी आता तिथेच थांबवते. मुळा, मोहरी, नवलकोल, फ्लॉवरचा कोवळा पाला, हे सगळं एकाच कुळातलं आणि ऑक्झलेटला कमी. या कुळातल्या ज्या भाज्यांची मोजणी झाली आहे त्यांतलं ४० ते ५० टक्के शोषलं जातं. दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास, हे दादाने दोनदा वाचावं. मेथी आणि शेवग्याचा पालाही माठापेक्षा खूप बरा.

आता माझा दिवस असा असतो. नाचणी आठ-दहा तास भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकी भाजून दळायची आणि पीठ अजिबात चाळायचं नाही. मोड आणताना धान्यातलं फायटेट मोडतं, तेही कॅल्शियम अडवणारंच. दोन भाकऱ्यांना १२० ग्रॅम पीठ लागतं, त्यातून चारशेच्या थोडं वर. मुळ्याचा किंवा मेथीचा पाला १५० ग्रॅम, साडेतीनशेच्या आसपास. कुळथाचं पिठलं, ४० ग्रॅम पिठाचं, शंभर. वर सालाच्या तिळाचे दोन चमचे. कागदावर हजार पार होतात आणि यातलं बरंचसं खरंच अंगी लागतं.

फक्त हे सगळं एका जेवणात कोंबू नका. आतडं एका वेळी थोडंच उचलतं, जितकं जास्त एकदम द्याल तितका शोषला जाणारा वाटा घटतो. सकाळी एक भाकरी, रात्री एक, भाजी दुपारी, असं मी वाटून घेते. लोणचं-पापडही आवरले आहेत, कारण साधारण ६ ग्रॅम मिठामागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लघवीतून जातं. ते शोषलं गेलेलं कॅल्शियम असतं, म्हणजे ते भरून काढायला त्याच्या तिप्पट खावं लागतं.

गोळीचं विचारलं आहे. मी सहा महिने घेतली, रोज ५०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. मग बंद केली. तुम्हाला लागेल का, हे तुमची वही आणि 'ड' जीवनसत्त्व बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. माझं 'ड' निघालं ११, म्हणजे बरंच कमी. ते कमी असेल तर वर लिहिलेलं सगळं खाऊनही आतडं ते नीट उचलत नाही. पहाटे पाचला पळून सहाला घरात येणाऱ्यांना ऊन कुठलं मिळणार? आधी ते तपासा.

आणखी एक, जे आधी लिहायला हवं होतं. चीर जायच्या आधी तीन महिने माझी पाळी आली नव्हती आणि वजन साडेचार किलोने उतरलं होतं. ते मी डॉक्टरांना विचारल्यावरच सांगितलं. पळण्याच्या मानाने पोटभर खात नसाल तर नुसतं कॅल्शियम वाढवून हाड वाचत नाही. माझ्या दुखण्यात याचा वाटा मोठा होता, दादाला हे तेव्हा सांगता आलं नाही. तुमची पाळी चुकत असेल तर नाचणीच्या आधी डॉक्टर. मुतखडा होऊन गेला असेल तर माठ, पालक, तीळ विचारून खा. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात काही तासांचं अंतर ठेवा.

दादा अजून म्हणतो, दूध पीत असतीस तर हे झालंच नसतं. दूध प्यायले असते तर चारशे-पाचशे मिलिग्रॅम सहज आले असते, हे मला मान्य आहे. पण दूध सोडल्याने माझं हाड चिरलं नाही. सोडल्यावर त्याच्या जागी काय येतंय, हे मी नीट बघितलं नाही, आणि पोटभर खाल्लं नाही. गेल्या वर्षी त्याच साताऱ्याच्या घाटातून मी २१ किलोमीटर पळून आले. आई आता माझ्यासाठी नाचणी गाळत नाही, चोथा पिठातच राहतो.