‘निर्वेध’ लिहिलंय, पण कोणी?

खरेदीखतात लिहून देणार, लिहून घेणार पहिल्या पानावरच सापडतील. मोबदल्याच्या कलमातले चेक नंबर, तारखा तपासा, परिशिष्टातल्या चतुःसीमा मोजणी नकाशाशी जुळवा. खरी मेख ‘मिळकत निर्वेध व बिनबोजाची आहे’ या वाक्यात असते, कारण ते फक्त विकणाऱ्याचं म्हणणं. समजा, पुण्याजवळ हवेली तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन दोन भावांनी विकली. वारसाच्या फेरफारात बहीणही आहे, पण खतात ती ना लिहून देणार, ना मान्यता देणार. मग तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा. ते नसेल, तर तिचा हिस्सा विकला गेलेलाच नाही, ‘निर्वेध’ दहादा लिहिलं तरी. सातबाऱ्यावरचे इतर हक्कही बघाच. सोसायटीच्या कर्जाचा बोजा तिथे दिसतो.