लिस्ट जुळते, तरी ट्री बिघडलेला असू शकतो

अरे, तू ट्रीवर रँडम इन्सर्ट-डिलीट करून सॉर्टेड लिस्टशी ताडतोयस खरा, पण कीज 0 ते 10 लाखमधून उचलतोयस, त्यामुळे डिलीट जवळपास दरवेळी नसलेल्या कीवरच जातं. रेंज 0 ते 20 कर, मग दोन मुलं असलेला नोड डिलीट होणं सारखं घडेल, आणि खरे बग तिथेच असतात. माझ्या एव्हीएल ट्रीमध्ये सक्सेसर वर आणल्यावर त्याच्या जुन्या पॅरेंटची हाइट अपडेट करायची राहिली होती, सॉर्टेड लिस्टशी तुलना मात्र पास, कारण इनऑर्डर क्रम बरोबरच होता ना. म्हणून प्रत्येक ऑपरेशननंतर हाइट खालून नव्याने मोज, साठवलेल्या हाइटशी ताडून बघ, शिवाय दोन्ही बाजूंच्या हाइटमधला फरक जास्तीत जास्त 1 आहे का तेही. आणि रँडम सीड प्रिंट कर हां, नाहीतर फेल झालेली केस परत सापडत नाही.