गोल मधल्या ओळीभोवती का पडत होता?

"ताई, मी दहावीत आहे. मध्यक आणि बहुलकाची सूत्रं मला झोपेतून उठवून विचारलीत तरी सांगेन. पण कोणता वर्ग धरायचा तिथेच घोटाळा होतो. कधी उत्तर बरोबर येतं, कधी चुकतं, आणि का ते कळत नाही. आता पेपरात सांख्यिकीचं कोष्टक दिसलं की हात थरथरतो. काय करू?"

गेल्या वर्षी लालबागच्या एका चाळीतली मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली होती. आईचं म्हणणं एवढंच, की पोर रात्री अकरापर्यंत अभ्यास करते आणि पेपरात गोठून जाते. मी आधी वही मागितली. भीती कुठून येते ते बरेचदा वहीतच दिसतं, म्हणून ही माझी सवयच आहे. सांख्यिकीच्या पानांवर मध्यकाच्या प्रत्येक कोष्टकात मधल्या ओळीभोवती पेन्सिलीने गोल काढलेला होता. पाच वर्ग असले की तिसऱ्याला, सात असले की चौथ्याला. बहुलकासाठी गोल होता तो संचित वारंवारतेतल्या सर्वांत मोठ्या आकड्याला, म्हणजे दर वेळी शेवटच्या ओळीला. काही गोल इतक्यांदा खोडले होते की कागद विरला होता.

"मध्यक म्हणजे मधला ना? मग मधली ओळ," ती म्हणाली. तिला फसवलं होतं ते या शब्दाने. शिवाय सरावाच्या उदाहरणांत मधल्या वर्गांची वारंवारता बरेचदा जास्त असते, त्यामुळे तिचा गोल अधूनमधून बरोबर पडायचा. चुकीच्या रीतीला अधूनमधून पूर्ण गुण मिळाले की आपलं नक्की काय चुकतंय हे मुलांना सापडतच नाही. तिची धास्ती तिथली होती.

मी पुस्तक मिटलं आणि तिच्या चाळीतल्या कामाला जाणाऱ्या ५० माणसांची कल्पना करायला सांगितलं. घरातून कामावर पोचायला कोणाला किती मिनिटं लागतात? आकडे आम्ही दोघींनी मनानेच घेतले, मुद्दाम असे की ते मध्ये गोळा होणार नाहीत. जवळच काम करणारे जास्त, लांब जाणारे कमी.

| मिनिटं | माणसं (वारंवारता) | संचित वारंवारता |
|---|---|---|
| ०–२० | १६ | १६ |
| २०–४० | १२ | २८ |
| ४०–६० | १० | ३८ |
| ६०–८० | ८ | ४६ |
| ८०–१०० | ४ | ५० |

"आता ही सगळी माणसं चाळीच्या गॅलरीत ओळीने उभी कर," मी म्हटलं. "सर्वांत कमी वेळ लागणारा जिन्यापाशी, सर्वांत जास्त लागणारा पार टोकाला. जिन्याकडून मोजत ये आणि अर्ध्यावर, २५ व्या माणसापाशी थांब. तो कोणत्या वर्गातला?"

ती बोटाने मोजू लागली. पहिले सोळा जण ०–२० मधले. तिथे संपले. सतरावा पुढच्या वर्गातला, आणि अठ्ठाविसाव्यापर्यंत तोच वर्ग. पंचविसावा त्यातच. "म्हणजे २०–४०," ती म्हणाली, आणि लगेच, "पण ही तर दुसरी ओळ आहे!"

हो, दुसरीच. मध्य शोधायचा तो माणसांच्या रांगेचा, कोष्टकातल्या ओळींचा नाही. संचित वारंवारतेचा स्तंभ म्हणजे हीच मोजणी, कोणत्या वर्गाच्या शेवटी किती माणसं मागे पडली ते सांगणारी. म्हणून N/2 काढायचं, इथे २५, आणि वरून खाली येताना संचित वारंवारता पहिल्यांदा जिथे २५ किंवा त्याहून जास्त होते तो मध्यकीय वर्ग. १६ कमी पडतात, २८ पुरतात.

मग सूत्र तिनेच लिहिलं:

मध्यक = L + [(N/2 − cf) / f] × h

यातला cf आधीच्या वर्गाचा, म्हणजे १६, कारण सोळा माणसं मागे टाकूनच आपण या वर्गात शिरलो. पंचविसाव्यापर्यंत पोचायला या वर्गातली आणखी ९ हवीत. वर्गात १२ माणसं आहेत आणि ती २० मिनिटांवर सारखी पसरली आहेत असं सूत्र गृहीत धरतं. बारांतली नऊ म्हणजे पाऊण. २० ची पाऊण १५. मध्यक ३५ मिनिटं.

यानंतर तिला तिच्या जुन्या रीतीने, मधली ओळ धरून तेच गणित करायला लावलं. ४० + [(२५ − २८) / १०] × २०, उत्तर ३४. "जवळच आलं की!" ती म्हणाली. मी विचारलं, तू वर्ग कोणता धरलास? ४०–६०. आणि उत्तर? ३४. ती गप्प झाली. मग सर्वांत जास्त वारंवारतेचा ०–२० धरून पाहिला, उत्तर ३१.२५. तेही निवडलेल्या वर्गाबाहेर. मध्यकीय वर्ग चुकला आणि बाकीचे आकडे नीट भरले, की उत्तर त्या वर्गाबाहेरच पडतं, कारण निम्मी रांग त्या वर्गात संपतच नसते. वर्ग बरोबर धरून cf चुकून त्याच वर्गाचा, २८, घेतला तरी उत्तर १५ येतं आणि २०–४० च्या बाहेर जातं. पेपरात हे पाहायला फार तर पाच सेकंद लागतात.

बहुलकाला रांग लागत नाही. कोणत्या खोक्यात सर्वांत जास्त माणसं आहेत, एवढाच प्रश्न, आणि तो फक्त वारंवारतेच्या स्तंभाला विचारायचा. १६ सर्वांत मोठा, म्हणून बहुलकीय वर्ग ०–२०.

बहुलक = L + [(f1 − f0) / (2f1 − f0 − f2)] × h

इथे f1 = १६ आणि पुढच्या वर्गाचा f2 = १२. आधी वर्गच नाही, म्हणून f0 शून्य. ० + [१६ / (३२ − ० − १२)] × २० = १६ मिनिटं.

बहुलकाच्या बाबतीत मात्र वर्गात बसणारं उत्तरसुद्धा फसवू शकतं, हे तिला आवर्जून दाखवलं. तिच्या सवयीप्रमाणे संचित स्तंभातले ५० आणि ४६ सूत्रात घातले तर साधारण ८१.५ येतं. ते ८०–१०० मध्ये छान बसतं, पण त्या वर्गात माणसं चारच आहेत. म्हणून मी तिला एक सवय लावली: बहुलक काढायला घेताना संचित वारंवारतेच्या स्तंभावर पट्टी आडवी ठेवून तो झाकायचा. आणि वर्ग सारख्या रुंदीचे आहेत ना, हे एकदा बघायचं. एक वर्ग वीस मिनिटांचा आणि दुसरा चाळीसचा असेल, तर रुंद वर्गात माणसं नुसत्या रुंदीमुळेच जास्त जमतात.

तुम्हीही हे कोष्टक कागदावर उतरवून, बोटाने रांग मोजत एकदा करा. सूत्र त्यानंतर लिहा.

तिसऱ्या भेटीत ती स्वतःची शंका घेऊन आली. N/2 नेमकं संचित वारंवारतेइतकंच आलं तर? आमच्याच कोष्टकात ५६ माणसं असती, पहिल्या दोन वर्गांत तीच १६ आणि १२, तर N/2 = २८. मग २०–४० धरायचा की ४०–६०? मी म्हटलं, दोन्ही करून बघ. पहिल्याने २० + (१२/१२) × २०, चाळीस. दुसऱ्यात N/2 − cf शून्य होतं, म्हणून ४० + ०, तेही चाळीस. अठ्ठाविसावा माणूस दोन वर्गांच्या उंबरठ्यावरच उभा आहे. पेपरात वरचा, म्हणजे २०–४० हाच लिही, असं मी सांगितलं, कारण "पहिल्यांदा २८ किंवा जास्त" तिथेच होतं. तिने मान डोलावली आणि या वेळी पेन्सिलीने गोल काढला तो संचित वारंवारतेतल्या २८ भोवती.